फलाण्याशी दोस्ती



मराठीत आपण 'अमका-फलाणा' असे सहज बोलून जातो. हा 'फलाणा' मूळ अरबी 'फुलान' या शब्दातून आपल्याकडे आला. कुरआनात हा शब्द एका अतिशय वेदनादायक प्रसंगी येतो. सूरह अल-फुरकानमध्ये (25:27-29) कयामतच्या दिवसाचे दृश्य आहे. एक अत्याचारी माणूस पश्चात्तापाने स्वतःचेच हात चावतो आहे. आपण प्रेषितांच्या सोबतीने वाट धरली असती तर बरे झाले असते, अशी तो हळहळ करतो. त्यापाठोपाठ तो म्हणतो की, माझे दुर्दैव, मी त्या फलाण्याला जिवलग मित्र केले नसते तर! उपदेश माझ्यापर्यंत पोहोचला होता, त्यानेच मला त्यापासून दूर नेले.

बघा, हा माणूस आपल्याला समजत नव्हते असे म्हणत नाही. सत्य त्याच्यापर्यंत पोहोचलेले होते. अडचण ज्ञानाची नव्हती, दोस्ताची होती. वर्गात मी मुलांना विचारते, "सिगारेट वाईट आहे हे कोणाला माहीत नाही?" एकही हात वर होत नाही. तरीही शाळेमागच्या टपरीवर मुले दिसतातच. म्हणून आज आपण 'काय वाईट' हे न पाहता, दोस्ताचा दबाव नेमका कसा काम करतो ते पाहू.

कुरआनाने त्या मित्राचे नाव घेतलेले नाही. तिथे प्रत्येकाला आपापल्या फलाण्याचे नाव भरता येते. मात्र तफ्सीरकारांनी या आयतींच्या संदर्भात मक्केतल्या दोन मित्रांची नावे दिली आहेत, उकबा बिन अबी मुऐत आणि उबई बिन खलफ. रिवायतींच्या तपशिलात फरक आहे, पण सीरतच्या ग्रंथांतील हकीगत थोडक्यात अशी : उकबा एकदा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याजवळ बसला आणि त्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. ही बातमी उबईच्या कानावर गेली. तो उकबाकडे आला, पण त्याने कोणताही युक्तिवाद केला नाही किंवा प्रेषितांचे म्हणणे चूक कसे, हेही सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला की, तू त्यांच्याजवळ बसून ऐकलेस, आता तू जाऊन त्यांचा तोंडावर अपमान करीत नाहीस तोवर मी तुझे तोंड पाहणार नाही. आणि उकबा तसे करून आला.

उबईच्या हातात तलवार नव्हती. त्याने फक्त अबोल्याची धमकी दिली. 'तू असं केलं नाहीस तर आपली दोस्ती तुटली', 'तुला ग्रुपमधून काढू', 'उद्यापासून आमच्या बाकावर बसू नकोस' या वाक्यांशी तुमची ओळख आहे ना? दबावाचे हे पहिले हत्यार. ते ओळखायची खूणही सोपी आहे. समोरचा तुम्हाला कारण देत नाही, किंमत सांगतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'कारण ते बरोबर आहे' असे नसून 'नाहीतर तू आमचा नाहीस' असे असते.

आता याच उकबाचा दुसरा प्रसंग पाहा. हा सहीह बुखारीत ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितला आहे. प्रेषित (स.) काबागृहाजवळ नमाज अदा करीत होते. अबू जहल आणि त्याचे साथीदार तिथे बसले होते. जवळच एका कबिल्यात उंटीण कापली गेली होती. टोळक्यातल्या एकाने प्रश्न टाकला की, तिची घाण आणून, मुहम्मद सजद्यात गेल्यावर त्यांच्या पाठीवर कोण टाकेल? त्या लोकांतला सर्वांत अभागी माणूस उठला, म्हणजे उकबा. त्याने ती घाण आणली, सजद्याची वाट पाहिली आणि प्रेषितांच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये टाकली. बाकीचे इतके हसू लागले की, हसता हसता एकमेकांच्या अंगावर कलंडू लागले. प्रेषितांनी सजद्यातून डोके उचलले नाही.

ही हदीस वाचताना मला आपल्या शाळेतले मधल्या सुट्टीतले टोळकेच दिसते. यातली माणसे मोजा. एक जण कल्पना सुचवतो, पण स्वतः जागचा हलत नाही. दुसरा ती अमलात आणतो. बाकीचे हसतात. हसणाऱ्यांना वाटते की आपण काहीच केले नाही, पण ती घाण उचलण्याचे बळ उकबाला त्या अपेक्षित हशानेच दिले होते. प्रेक्षक नसते तर असले काम करायला कोण उठले असते?

चौथी व्यक्ती म्हणजे स्वतः ह. इब्ने मसऊद (रजि.). ते सांगतात की, मी पाहत होतो, पण माझ्यात काही करण्याची ताकद नव्हती. मक्केत त्यांच्या पाठीशी कोणी बलवान कबिला नव्हता. वर्गात एकटे पडलेल्या, अंगाने किरकोळ मुलाला ही अवस्था नीट कळेल.

पाचवी व्यक्ती फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कोणीतरी तिथून निघाले आणि ह. फातिमा (रजि.) यांना जाऊन सांगितले. हदीसमध्ये त्याचे नाव नाही. तो त्या टोळक्याशी भांडला नाही, भांडू शकलाही नसता. पण त्याने जाऊन सांगितले. ह. फातिमा (रजि.) तेव्हा लहान मुलगी होत्या. त्या धावत आल्या, त्यांनी आपल्या वडिलांच्या पाठीवरची घाण दूर केली आणि त्या मोठमोठ्या सरदारांना तोंडावर सुनावले. ताकद नसलेल्यानेही करण्यासारखे काम असते. ते म्हणजे योग्य माणसापर्यंत खबर पोहोचवणे. याला मुले 'चुगली' म्हणतात. चुगली कोणाला तरी अडकवण्यासाठी असते. ही खबर कोणाला तरी सोडवण्यासाठी होती.

उकबाची गोष्ट इथेही संपत नाही. हिजरी 2 मध्ये बद्रच्या लढाईसाठी कुरैश निघाले, तेव्हा उबईचा भाऊ उमय्या बिन खलफ हा वयस्कर, जाडजूड सरदार घरीच थांबायचे म्हणत होता. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये आहे की, उमय्या आपल्या माणसांत बसला असताना उकबा तिथे आला. त्याच्या हातात पेटती धूपदानी होती. ती त्याने उमय्यासमोर ठेवली आणि म्हणाला की, घे, धुरी घे, तू तर बायकांतलाच आहेस! आपल्याकडे 'बांगड्या भर' म्हणतात तसाच हा टोमणा. चार लोकांसमोर तो झोंबला. उमय्याने त्याला शिव्या दिल्या, पण तयारी करून तो निघाला. बद्रमध्ये उमय्या मारला गेला. उकबा कैद झाला आणि परतीच्या वाटेवर त्याला मृत्युदंड मिळाला. ज्याच्या शब्दाखातर उकबाने आपली वाट बदलली, तो उबई त्याच्या काहीही कामी आला नाही.

ही साखळी लक्षात घ्या. उबईने उकबाला अबोल्याची भीती घातली. तोच उकबा पुढे उबईच्या भावाला मर्दानगीचा टोमणा मारतो. दबावाखाली वाकलेला माणूस बहुतेक वेळा तोच दबाव पुढच्याकडे सरकवतो. ज्याला पहिला झुरका 'घाबरट' म्हणून मारायला लावला, तोच वर्षभराने सातवीच्या मुलाला 'घाबरट' म्हणत असतो.

आता आजचे उदाहरण घेऊ. समजा, नववीतला एक मुलगा आहे. अभ्यासात बरा, मोबाईलवर चित्रे जोडण्यात हुशार. ट्युशनच्या मुलांचा अकरा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वर्गातला एक मुलगा मोठ्याने धडा वाचताना अडखळतो, त्याचा कोणीतरी चोरून व्हिडिओ काढला. ग्रुपवर एकाने लिहिले, "भाई, तुझ्याएवढं भारी कोणालाच जमत नाही, याचं स्टिकर बनव ना." पाहा, सुरुवात धमकीने नाही, कौतुकाने झाली. त्याने टाळाटाळ केली, तर उत्तर आले, "एवढी मस्करी पण चालत नाही का? मौलाना झालास काय?" मग तीन जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. रात्री दहा वाजता त्याने स्टिकर बनवले. सकाळपर्यंत ते दुसऱ्या तुकडीत गेले. अडखळणारा मुलगा चार दिवस शाळेत आला नाही.

चौकशी झाली की काय होते, हे शिक्षक म्हणून मी सांगू शकते. ज्याने सुचवले तो म्हणतो, "मी फक्त मस्करीत बोललो." हसणारे म्हणतात, "आम्ही काही बनवलं नाही." बनवणारा मात्र एकटा उरतो. अबू जहलच्या टोळक्यात आणि या ग्रुपमध्ये फरक फक्त साधनाचा आहे. सूरह अल-मुद्दस्सिरमध्ये (74:42-46) जहन्नमवासीयांना विचारले जाते की, तुम्हाला इथे कशाने आणले? ते चार कारणे देतात. नमाज न पढणे, गरिबाला जेवू न घालणे आणि कयामतचा दिवस खोटा मानणे ही तीन कारणे आपल्याला पाठ असतात. उरलेले एक असे की, व्यर्थ गोष्टींत रमणाऱ्यांबरोबर आम्हीही रमत होतो. 'सगळेच करत होते' हे वाक्य तिथे बचाव म्हणून नाही, कबुली म्हणून आले आहे.

मग त्या मुलाने काय करायला हवे होते? ग्रुप सोडायचा? दोस्तांना कायमचे तोडायचे? इथे कुरआनाची पद्धत मला फार व्यवहारी वाटते. सूरह अन-निसा (4:140) आणि सूरह अल-अनआम (6:68) या दोन्ही ठिकाणी अशा बैठकीविषयी आज्ञा आहे, जिथे अल्लाहच्या आयतींची थट्टा चालली आहे. सांगितले आहे की, ते दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत त्यांच्यात बसू नका. बसलात तर तुम्हीही त्यांच्यासारखेच. आणि विसरून बसलात, तर आठवण होताच उठा. विषय आयतींच्या थट्टेचा असला, तरी यातून सोबतीचा एक कायदा शिकता येतो. उठायचे, पण केव्हापर्यंत? विषय बदलेपर्यंत. उशिरा लक्षात आले तरी उठण्याची वेळ गेलेली नसते.

त्या मुलासाठी हे असे दिसेल. पहिले, एकच छोटे वाक्य : "याचं मी नाही बनवणार, तो आपल्या वर्गातला आहे." कारण एकदाच सांगायचे. दहा जणांसमोर वाद घालायला गेलात की समोरच्याला माघार घेता येत नाही आणि तो जास्त चिडतो. दुसरे, त्यानंतर मोबाईल बाजूला ठेवायचा. टोमण्याला उत्तर मिळाले नाही की त्याचा दम संपतो. उमय्या धूपदानी विझेपर्यंत गप्प बसला असता तर उकबा काय करणार होता? तिसरे, दुसऱ्या दिवशी सुचवणाऱ्याशी एकट्याने बोलायचे. टोळक्यात दगड झालेला मुलगा एकटा भेटला की बऱ्याचदा ऐकून घेतो.

चौथी गोष्ट सर्वांत उपयोगी आहे. आधीच एक साथीदार शोधून ठेवा. 1950 च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. काही तरुणांना एकत्र बसवून, तीन रेषांपैकी कोणती रेष दिलेल्या रेषेएवढी आहे, ते मोठ्याने सांगायला लावले. उत्तर उघड दिसत होते. पण एक सोडून बाकी सर्व जण ठरवून आलेले होते आणि मुद्दाम चूक उत्तर देत. एकट्याने विचारले असता जवळपास कोणीच चुकत नसे. गटात मात्र त्या एकाने सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे सोडून गटाचे चूक उत्तर दिले. मग अ‍ॅशने गटातल्या आणखी एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले, आणि दबावाचा परिणाम सुमारे एक चतुर्थांशावर आला. सगळा गट सुधारावा लागला नाही. एक माणूस पुरला. त्या अकरा जणांत आणखी एकाने जरी "सोड ना यार, नको बनवू" असे लिहिले असते, तर रात्रीचे दहा वेगळे वाजले असते. तुम्ही स्वतः नकार देण्याच्या जागी नसाल, तेव्हा हे दुसरे वाक्य लिहिणारे बना.

आता दोस्त निवडायचे कसे? ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेली, बुखारी आणि मुस्लिम दोघांतही असलेली हदीस तुम्ही ऐकली असेल. प्रेषितांनी (स.) चांगल्या सोबत्याला कस्तुरी बाळगणाऱ्याची आणि वाईट सोबत्याला लोहाराच्या भात्याची उपमा दिली. कस्तुरीवाला तुम्हाला थोडी देईल, किंवा तुम्ही विकत घ्याल, नाहीतर निदान सुगंध तरी मिळेल. भाता कपडे जाळेल, नाहीतर निदान दुर्गंध तरी देईल. दोन्हीकडची ती 'निदान' बाजू पाहा. काही न घेता, काही न करता, फक्त जवळ बसल्यानेही परिणाम होतो. म्हणून 'मी त्यांच्यात असतो, पण तसं काही करत नाही' हे उत्तर अपुरे आहे.

ही कसोटी घरी लावता येते. एखाद्या दोस्ताला भेटून आल्यावर अर्ध्या तासाने स्वतःचा वास घ्या! अम्मीशी बोलताना आवाज चढतो आहे का? मोबाईल उलटा ठेवावासा वाटतो का? मगरिबची नमाज राहिली आणि त्याचे काही वाटले नाही, असे होते का? की उलट, राहिलेला गृहपाठ आठवला, कोणाची तरी माफी मागावीशी वाटली? एका दिवसावरून निकाल देऊ नका, दोन-तीन आठवडे पाहा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चांगली सोबत म्हणजे फक्त आपल्या मोहल्ल्यातली, आपल्या धर्माची किंवा पहिल्या नंबरची मुले नव्हेत. वर सांगितलेले सगळे भाते प्रेषितांच्याच शहरातले, त्यांच्याच कुरैश कबिल्यातले होते. उलट हिजरतच्या अत्यंत धोक्याच्या प्रवासात प्रेषित (स.) आणि ह. अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून ज्याला घेतले, तो अजून कुरैशांच्याच धर्मावर होता. बुखारीत आहे की, दोघांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, आपल्या उंटिणी त्याच्या हवाली केल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी यायला सांगितले. तो ठरल्याप्रमाणे आला. प्रेषितांच्या शोधासाठी मोठे बक्षीस लागलेले असताना त्याने वचन पाळले. अमानत पाळणारा, पाठीमागे निंदा न करणारा, तुमचा 'नाही' ऐकून घेणारा मुलगा शेजारच्या बाकावर कोणत्याही नावाचा असू शकतो.

आणि एक मर्यादाही. दबाव नशेच्या पदार्थाचा असेल, पैसे चोरून आणण्याचा असेल, कोणी तुमचा फोटो दाखवून धमकावत असेल, तर वरचे उपाय एकट्याने करून पाहू नका. अशा वेळी हदीसमधल्या त्या अनाम माणसाचे काम करायचे. अब्बू, अम्मी, आपा, मामू, शाळेतल्या ज्या बाई किंवा सर ऐकून घेतात त्यांना, त्याच दिवशी. कोणीच जवळचे नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आई-वडिलांना एकच विनंती. मुलाशी एक खुणेचे वाक्य ठरवून ठेवा. त्याने "अम्मी, पाणी भरलं का?" असा मेसेज पाठवला की लगेच फोन करून "आत्ताच्या आत्ता घरी ये" असे रागावून सांगा. मुलाला खोटे बोलावे लागणार नाही, दोस्तांसमोर मानही जाणार नाही. मात्र त्या रात्री उलटतपासणी करू नका, नाहीतर तो मेसेज पुन्हा येणार नाही.

तरुण मित्रांनो, या महिन्याचे काम. एका कागदावर, कोणाला न दाखवता, दोन नावे लिहा. पहिले, तुम्ही अडचणीत 'नाही' म्हणाल तेव्हा दुसरे वाक्य कोण लिहील? दुसरे जरा कठीण आहे. आपण स्वतः कोणाचे 'फलाणे' तर होत नाही ना? अल्लाह आपल्याला कस्तुरी बाळगणाऱ्यांची सोबत देवो आणि आपल्या सोबतीचा सुगंध इतरांना मिळू देवो. आमीन.